अष्टविनायक, २ दिवस, ३००० रुपये: शीर्षकातले आकडे कसे तपासायचे

प्रश्न: ‘अष्टविनायक २ दिवसांत, फक्त ३००० रुपयांत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी’ अशी शीर्षकं सगळीकडे दिसतात. आम्ही पुण्याचे चौघं, स्वतःची गाडी आहे, चौघांत एक सत्तरीची आई. यावर विसंबून बेत आखावा का?

दोन दिवसांत होतं, आणि तुम्हा चौघांचा माणशी खर्चही तीन हजारांच्या आसपासच येईल. पण हे आकडे काय धरून काढलेत ते शीर्षकात नसतं, आणि तुमच्या आईच्या दृष्टीने नेमकं तेच महत्त्वाचं आहे.

आधी दिवस बघू. दोन दिवसांचा बेत बहुतेक वेळा असा असतो. पहाटे पुण्याहून थेऊर, तिथून मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव आणि मुक्कामाला ओझर. दुसऱ्या दिवशी लेण्याद्री, मग चाकण, तळेगाव, लोणावळा करत घाट उतरून महड, पाली आणि रात्री पुणे. पहिल्या दिवशी जवळपास तीनशे किलोमीटर, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडे जास्त, मिळून सव्वासहाशेच्या घरात. गावागावातून जाणाऱ्या रस्त्यांवर ताशी ४५ चा वेग पडला तरी खूप झालं. म्हणजे पहिल्या दिवशी साडेसहा तास नुसते गाडीत. पाच देवळांना पाऊण-पाऊण तास, चहा-जेवणाला दोन तास. साडेपाचला निघालात तर संध्याकाळी सहापर्यंत ओझर. कागदावर बसतं, पण हे बिनगर्दीच्या दिवसाचं गणित झालं. रविवारी मोरगावला किंवा रांजणगावला रांगेत दीड-दोन तास गेले की सगळंच पुढे सरकतं.

बेत खरा आहे की नुसता नकाशा बघून मांडलाय, हे ओळखायला मी लेण्याद्री कुठे ठेवलंय ते बघतो. गिरिजात्मज डोंगरातल्या लेण्यात आहे. खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं आणि तीनशेच्या आसपास दगडी पायऱ्या चढायच्या. तिथलं दर्शन दिवसाउजेडीच. पहिल्या दिवशी शेवटी ‘संध्याकाळी लेण्याद्री’ लिहिलेलं दिसलं की पुढचं वाचू नका. लेण्याद्री सकाळीच करावं, उन्हाच्या आधी. आईसाठी खाली डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या. आणि पिशवी हातात लोंबकळती नको, माकडं ती हातातून ओढून नेतात. आईबरोबर चढउतार आणि दर्शन मिळून दोन-अडीच तास सहज जातात. शीर्षकवाल्याने तिथेही पाऊण तासच धरलेला असतो.

आणखी एक खूण. ‘शास्त्रोक्त क्रमाने २ दिवसांत’ असं कोणी म्हणत असेल तर हिशेब मागा. परंपरेचा क्रम मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी पुन्हा मोरगाव. यात सिद्धटेकहून थेट पाली गाठायचं म्हणजे पुणं ओलांडून दोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि महडहून परत थेऊरला यायचं. एकूण आठशेच्या आसपास जातं. त्याला तीन दिवस लागतातच.

आता पैसे. गाडी लिटरला १५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ६२० किलोमीटरला साधारण ४३४० रुपये. टोल आणि पार्किंगचे हजार धरा. ओझरला भक्तनिवासात खोलीचे हजार धरले तर चौघांना दोन खोल्या, २०००. जेवणखाण माणशी दिवसाला ५००, म्हणजे ४०००. बेरीज ११,३४०, माणशी २८३५. झालं की तीन हजारांत! पण हाच प्रवास दोघांनी केला तर पेट्रोल तेवढंच, टोल तेवढाच, एक खोली आणि दोघांचं जेवण, मिळून ८३४०, म्हणजे माणशी ४१७०. कितीजण ते सांगितलं नसेल तर बजेटचा आकडा कुठलाही निघतो. बरं, यात देणगी, अभिषेक, डोली, आजीने सांगितलेले पेढे काहीच नाही.

भाड्याची गाडी घेणार असाल तर दोन दिवसांच्या हट्टामागचं कारणही कळेल. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला किमान किलोमीटर ठरलेले असतात, आपल्याकडे बहुधा ३००. दोन दिवसांचे झाले ६००, आणि हा फेरा जेमतेम त्याच्या वर जातो. तोच तीन दिवसांत केला तर गाडी सव्वासहाशेच धावते, पण बिल ९०० चं येतं, वर चालकाचा एका दिवसाचा भत्ता. म्हणून दोन दिवस भाड्याच्या हिशेबात चपखल बसतात, देवदर्शनाच्या हिशेबात नाही. तुमची गाडी स्वतःची आहे, तेव्हा ही घाई तुम्हाला लागूच नाही.

ऋतूचं म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी चुकीचं नाही, फक्त फार ढोबळ आहे. आठ ठिकाणं दोन वेगळ्या हवामानांत आहेत. मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव पर्जन्यछायेत, तिथे पावसाळ्यातही रस्ते बरेचदा कोरडे असतात, पण मे महिन्यात ऊन जीव घेतं. महड आणि पाली घाटाखाली रायगड जिल्ह्यात. जुलैत तिथे धो धो पाऊस, घाटात धुकं, आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग. तेव्हा ‘पावसाळ्यात अष्टविनायक’ हे पूर्वेकडच्या देवळांना ठीक, पश्चिमेकडच्या दोघांना नाही.

आणि महिन्यापेक्षा तिथी बघा. तुमच्या त्या ‘उत्तम’ महिन्यांतच माघी गणेश जयंती येते, दर महिन्याला संकष्टी येते, आणि संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. अंगारकीला वयस्कर माणसाला घेऊन रांगेत उभं राहणं मी तरी कुणाला सुचवणार नाही. कालनिर्णय उघडा, चतुर्थ्या टाळा, मंगळवार आणि शनिवार-रविवारही टाळता आले तर फारच उत्तम.

तुमच्या जागी मी असतो तर मुक्कामाचा नादच सोडला असता. पुण्यात राहता, तर तीन वेगवेगळ्या दिवशी घरून जाऊन घरी या. एक दिवस थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, साधारण २७५ किलोमीटर. एक दिवस ओझर-लेण्याद्री, दोनशेच्या आत, आईला डोलीसाठी आणि विश्रांतीसाठी भरपूर वेळ. एक दिवस महड-पाली, २४० च्या आसपास. पालीला बल्लाळेश्वराच्या आधी मागच्या धुंडी विनायकाचं दर्शन घ्यायची रीत आहे, घाईच्या बेतांत हे हमखास सुटतं. एकूण ९० किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे सहाशे-साडेसहाशेचं पेट्रोल, आणि खोल्यांचे दोन हजार वाचतात.

एकच अडचण येऊ शकते. यात्रा सुरू केली की पुरी होईपर्यंत घरी परतायचं नाही, असं काही घरांत मानतात. आईचं तसं असेल तर तीन दिवस सलग काढा, पहिला मुक्काम रांजणगावला, दुसरा ओझरला. हे मात्र निघायच्या आधी त्यांना विचारून घ्या.