गॅसचा पाइप वरून ठणठणीत दिसतो, तरी बदलायचा का? रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हचं काय?

पाइपवर छापलेली तारीख बघा. नारिंगी सुरक्षा पाइप 5 वर्षांनी बदलायचाच, दिसायला कसाही असो. आत तारांची जाळी असते, त्यामुळे रबर कडक झालेलं वरून कळत नाही. आमच्या परळच्या घरी शेगडीच्या नळीवर चढवलेलं टोक वाकवलं, तेव्हा कुठे बारीक भेगा दिसल्या.

रेग्युलेटरला अशी ठरावीक मुदत नसते. खटका नीट बसत नसेल, नॉब सैल फिरत असेल किंवा बंद करूनही शेगडी पेटत राहत असेल, तर एजन्सीकडून बदलून घ्या. बाजारातला स्वस्त नको.

व्हॉल्व्हची खरी गोम आतल्या छोट्या रबरी रिंगमध्ये असते. रेग्युलेटर चालू केल्यावर त्याच्या बुडाशी साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले, तर बहुधा रिंग गेलेली. रेग्युलेटर काढल्यावरही व्हॉल्व्हच्या तोंडात बुडबुडे येत असतील, तर व्हॉल्व्हच गळतोय: टोपी घट्ट लावा, सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवा, विजेच्या बटणांना हात न लावता 1906 ला फोन करा. सिलिंडर घेतानाच डिलिव्हरीवाल्याकडून हे तपासून घ्यावं. रिंग तो तिथेच बदलतो.