पीपीएच व्हायव्हा: कारणं आणि उपचारांचा क्रम

प्रश्न: फायनल एमबीबीएसचा ओबीजीचा व्हायव्हा आहे. पीपीएचचे चार टी पाठ आहेत, पण "आता तू काय करशील?" असं विचारलं की क्रम चुकतो. कसं सांगावं?

उत्तर: चार टी पाठ असले तरी चारही एका दमात म्हणू नका. परीक्षकाला ऐकायचं असतं की हात पोटावर ठेवल्यावर तुम्ही कारण कसं ओळखता.

एक केस धरू. तिसरं बाळंतपण, बाळ 3.8 किलोचं, वार पडून वीस मिनिटं झालेली. खाली लावलेल्या मापाच्या पिशवीत 900 मिली रक्त, नाडी 120, बीपी 100/60. नाडीला सिस्टोलिकने भागलं की शॉक इंडेक्स 1.2 येतो, 0.9 च्या वर गेला की सावध व्हायचं. "बीपी तर ठीक आहे" असं इथे बोललात की पुढचे प्रश्न अवघड होतात. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असल्याने बीपी उशिरा पडतो, नाडी आधी बोलते. (मापाची पिशवी का, असं विचारलं तर सांगा, डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी भरतो. अशी पिशवी बेळगावच्या अभ्यासातूनच नावारूपाला आली.)

पहिलं वाक्य मदतीला हाक मारण्याचं. दुसरं, गर्भाशय चाचपण्याचं. ते मऊ, पिठाच्या गोळ्यासारखं लागलं आणि बेंबीच्या वर असलं तर टोन, म्हणजे अटोनी. सर्वाधिक केसेस याच. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या गर्भाशयाच्या आडव्यातिडव्या स्नायूंनीच आवळल्या जातात. स्नायू ढिले पडले की त्या उघड्या राहतात. मोठं बाळ, जुळी, लांबलेल्या कळा, भरलेलं मूत्राशय ही त्याची कारणं. गर्भाशय दगडासारखं कडक आहे आणि तरीही लालभडक रक्त वाहतंय, तर ट्रॉमा: गर्भाशयमुख आणि योनीमार्ग उजेडात तपासा. वारेचा एखादा तुकडा कमी दिसला तर टिश्यू. रक्ताची गाठच होत नसेल तर थ्रॉम्बिन. साध्या काचेच्या नळीत घेतलेलं रक्त सात मिनिटांत गोठलं नाही किंवा गाठ लगेच फुटली, तर लॅबच्या रिपोर्टची वाट पाहायची नाही.

आपल्या केसमध्ये गर्भाशय मऊ आहे. एक जण मसाज करतो, दुसरा दोन जाड कॅन्युला (16 किंवा 14 गेज) टाकतो, रक्तगट आणि क्रॉसमॅचला नमुना पाठवतो, ऑक्सिजन लावतो, कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करतो. ही कामं एकाच वेळी चालतात, हे बोलून दाखवा.

औषधांत आधी ऑक्सिटोसिन, 20 युनिट एका लिटर सलाइनमध्ये, वेगाने. सुईने एकदम शिरेत सोडलं की बीपी कोसळतो. आधीच रक्त गेलेल्या बाईला ते परवडत नाही. त्याबरोबरच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. प्रसूतीपासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोग; अर्ध्या तासाने रक्तस्राव चालूच असेल तर आणखी 1 ग्रॅम. त्यानंतर मिथाइलएर्गोमेट्रिन 0.2 मिग्रॅ स्नायूत, पण बीपी जास्त असलेल्या किंवा हृदयरोगी बाईला नाही. कार्बोप्रोस्ट 250 मायक्रोग्रॅम स्नायूत, पंधरा मिनिटांनी पुन्हा, एकूण आठ डोसपर्यंत, पण दमा असेल तर टाळायचं. परीक्षक नेमकी दमा असलेली बाई पुढे आणतो. तेव्हा "मिसोप्रोस्टॉल 800 मायक्रोग्रॅम जिभेखाली" हे उत्तर तयार ठेवा.

औषधं चालू असतानाच बायमॅन्युअल कॉम्प्रेशन: एक मूठ योनीतून पुढच्या फॉर्निक्समध्ये, दुसरा हात पोटावरून गर्भाशयामागे, मधे गर्भाशय दाबून धरायचं. हा हात थिएटरपर्यंत सोडत नाहीत.

थांबलं नाही तर बलून. महागडा बलून नसला तर कंडोम रबरी कॅथेटरला धाग्याने बांधून गर्भाशयात ठेवतात आणि 250 ते 500 मिली सलाइन भरतात. ही युक्ती ढाक्याची. भरल्यावर रक्तस्राव थांबला की बलून चोवीस तासांपर्यंत ठेवतात. न थांबला तर शस्त्रक्रियेला उशीर करू नका. गर्भाशय फाटलेलं असेल किंवा वार आत असेल तर बलून घालायचाच नाही, हा ठरलेला उपप्रश्न.

पोट उघडल्यावर बी-लिंच टाके (1997 मध्ये प्रसिद्ध झालेले), मग दोन्ही बाजूंच्या गर्भाशय धमन्या बांधणं, मग इंटर्नल इलिॲकची पुढची शाखा, शेवटी हिस्टरेक्टमी. बी-लिंच घालण्याआधी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून पाहतात. तेवढ्याने रक्त थांबलं तर टाकाही चालेल. हिस्टरेक्टमीचा निर्णय बाई शेवटच्या घटका मोजत असताना घ्यायचा नसतो, आणि वार स्नायूत रुतलेली असेल तर तो आधीच घ्यावा लागतो.