२७.९७ ची गाडी २० देते, तरी फायदा वाढतो तो कसा

प्रश्न: सर, मी पुण्यात वाकडला राहतो, ऑफिस खराडीला, आठवड्यातून ३ दिवस जावं लागतं. ग्रँड विटारा घ्यायचीय, ऑटोमॅटिकच हवी. माइल्ड हायब्रिडचं मायलेज २०.५८ सांगतात आणि स्ट्राँग हायब्रिडचं २७.९७. ऑन रोड कोटेशनमध्ये ३ लाख २० हजारांचा फरक आहे, तो सगळा लोनमध्ये जाईल आणि ५ हजारांची एक एसआयपी थांबवावी लागेल. कंपनीचे आकडे धरून मी हिशोब केला तर फरक वसूल व्हायला २० वर्षं लागतात. त्यात सगळे म्हणतात खरं मायलेज २० च्या वर जात नाही. मग हायब्रिडचा विषय सोडूनच द्यायचा ना? वर्षाचं रनिंग साधारण १२ हजार, त्यातलं ५ हजार कोल्हापूरला गावी जाऊन येऊन.

उत्तर: गणित तुम्ही बरोबरच केलंय, १२ हजार किमीला एका गाडीत ५८३ लिटर आणि दुसरीत ४२९, म्हणजे १५४ लिटरचा फरक, लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचे १६ हजार. पण ज्या आकड्यांवर ते उभं आहे ते तुमच्या रस्त्यावरचे नाहीत, आणि हायब्रिडला खरं मायलेज कमी मिळतं म्हणून फायदाही कमी होईल हे जे तुम्ही धरलंय ना, ते नेमकं उलटं आहे.

आधी तो कंपनीचा आकडा येतो कुठून ते बघा. गाडी लॅबमध्ये रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात, एसी बंद, ट्रॅफिक नाही, खड्डे नाहीत. साधारण २० मिनिटांची चाचणी, त्यात अकराएक किमी होतात, जास्तीत जास्त वेग ताशी ९०. शहराचा जो भाग आहे त्यात शून्यावरून ५० ला जायला तब्बल २६ सेकंद दिलेली असतात. संध्याकाळी भुमकर चौकात सिग्नल सुटल्यावर २६ सेकंद घेऊन बघा, मागचे हॉर्न वाजवून हैराण करतील. सगळ्या गाड्यांना एकच चाचणी असल्यामुळे तुलना तरी बरोबर होते असं आपण धरून चालतो, आणि एकाच प्रकारचं इंजिन असलेल्या दोन गाड्यांसाठी ते बऱ्यापैकी चालून जातं. पण साधं पेट्रोल इंजिन आणि स्ट्राँग हायब्रिड यांचं आकड्यावरून घसरणं सारखं नसतं, आणि माइल्ड हायब्रिड म्हणजे नावाला हायब्रिड, गाडी ओढतं ते पेट्रोल इंजिनच, म्हणून ती साध्यातच धरा.

कारण असं की ट्रॅफिकमध्ये साध्या इंजिनचे हाल होतात. उभी गाडी, एसी चालू, आणि एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद झालं तरी मे महिन्यात केबिन तापायला लागली की ते परत सुरू होतं. आणि दर वेळी ब्रेक मारला की आधी पेट्रोल जाळून मिळवलेला वेग जवळपास सगळा उष्णता होऊन निघून जातो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये तोच ब्रेक बॅटरी चार्ज करतो, रांगेत सरकताना गाडी बऱ्याचदा मोटरवर चालते आणि एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. हायवेला मात्र ही सगळी मजा संपते, ब्रेकच लागत नाही तर बॅटरीत परत काय जाणार, इंजिन बहुतेक वेळ चालूच राहतं. त्यात ९० च्या ऐवजी ११० ने गेलात की हवेचा विरोध जवळपास दीडपट होतो आणि तो दोन्ही गाड्यांना सारखाच.

आता तुमचे ७ हजार शहराचे आणि ५ हजार हायवेचे किमी वेगळे करू. मी शहरात माइल्ड ऑटोमॅटिकला ११.५ आणि स्ट्राँगला २० धरतो, हायवेला १६.५ आणि १९.५. हे माझे अंदाज आहेत, ते तपासायचे कसे ते खाली सांगतो.

इथे एक सवय मात्र सोडा, लिटरला किती किमी हे बघायची. त्याऐवजी १०० किमीला किती लिटर ते बघा, कारण पैसे लिटरचे द्यायचे असतात. कागदावर २०.५८ आणि २७.९७, म्हणजे फरक ७.४ चा, १०० किमीला १.२८ लिटर वाचतं. शहरात ११.५ आणि २०, फरक ८.५ चा, दिसायला जवळपास तेवढाच, पण १०० किमीला ८.७ लिटर विरुद्ध ५ लिटर, म्हणजे ३.७ लिटर वाचतं! तिप्पट जवळजवळ. मायलेजचे आकडे जितके खाली जातात तितका त्यांच्यातला एकेक किमी महाग होत जातो, १० वरून १२ होणं हे २० वरून २२ होण्यापेक्षा खूप मोठं असतं. हायवेला ६.०६ आणि ५.१३, तिथे १०० किमीला एक लिटरसुद्धा वाचत नाही.

म्हणजे ७ हजार शहराच्या किमीत २५९ लिटर वाचणार, आणि कोल्हापूरच्या ५ हजारात फक्त ४७. एकूण ३०६ लिटर, वर्षाचे साधारण ३१,८०० रुपये. कंपनीचे आकडे धरून १६ हजार येत होते, खरे धरले तर दुप्पट, आणि तेही हायब्रिड २७.९७ वरून सरासरी १९.८ वर आलेली असताना. दुसरी गाडी १३ वर येते म्हणून हे होतं. लोक हायब्रिडवाल्याला विचारतात किती देते, २० म्हटल्यावर म्हणतात बघा फसवलं, पण त्याच रस्त्यावर, त्याच वेळी दुसरी गाडी किती देते हे कुणी विचारत नाही.

किमीच्या भाषेत सांगायचं तर शहरातला प्रत्येक किमी तुमचे ३ रुपये ८५ पैसे वाचवतो आणि हायवेचा ९७ पैसे. त्यामुळे वर्षाला १२ हजार की १५ हजार यापेक्षा त्यातले ट्रॅफिकमधले किती हे महत्त्वाचं. तुमच्याइतकंच रनिंग असलेला पण ते सगळं सातारा-कोल्हापूर रोडवर असलेला कुणी विचारायला आला असता तर मी दोन मिनिटांत नको म्हटलं असतं.

आता पैशाचं. ३ लाख २० हजार, ९ टक्के, ५ वर्षं धरलं तर हप्ता ६,६४० ने वाढतो आणि व्याजासकट ते ३ लाख ९९ हजार होतात. पेट्रोलचे महिन्याला वाचणार २,६५०. म्हणजे पहिली ५ वर्षं दर महिन्याला ४ हजार खिशातून जाणार, आणि ती जागा तुम्ही एसआयपी थांबवून करताय. गाडी ८ वर्षं ठेवलीत तर पेट्रोलचे वाचलेले २ लाख ५४ हजार. विकताना त्या जादा पैशांतले ८० हजार परत येतील असं धरलंय, मुद्दाम कमी धरलंय, कारण हायब्रिडच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची आहे आणि नेमकी ती संपताना घेणारा बॅटरीवरूनच भाव पाडणार. ३ लाख ९९ हजारातून हे ८० गेले, उरले ३ लाख १९, त्यात वसूल २ लाख ५४, म्हणजे ८ वर्षांत ६५ हजार अंगावर. पेट्रोल उद्या १० रुपयांनी वाढलं आणि तसंच राहिलं तरी ८ वर्षांत २४-२५ हजारच जास्त वाचतात, खड्डा त्याने भरत नाही.

पण ऑफिसने ३ चे ४ दिवस केले तर? एका बाजूने २२ किमी धरले तर ४४ गुणिले ५० आठवडे, वर्षाला २,२०० किमी शहराचे वाढतात, म्हणजे साडेआठ हजार रुपये आणखी वाचतात, आणि ८ वर्षांत ते ६५ हजार बरोबर भरून निघतात. ५ दिवस झाले तर हायब्रिड सरळ सरळ स्वस्त पडते. इतकं ते तुमच्या एचआरच्या एका ईमेलवर अवलंबून आहे, त्यामुळे बुकिंगच्या आधी मॅनेजरला नीट विचाराच, पुढच्या वर्षी काय ठरतंय ते.

माझे आकडे तपासायची पद्धत. तुमच्या आत्ताच्या गाडीपासून सुरुवात करा, पंपावर पहिल्या ऑटो कटला थांबा (पंपवाल्याला वरून राउंड फिगर करू देऊ नका), ट्रिप मीटर शून्य करा, किमान ४०० किमी चालवा, परत त्याच पंपावर त्याच नोझलवर पहिल्या कटपर्यंत भरा. अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतंच, १० लिटरच भरलं असेल तर १ लिटरची चूक म्हणजे १० टक्के झाली, ३० लिटरला तीच ३ टक्के, म्हणून टाकी चांगली खाली येऊ द्या. असं तीनदा करा आणि तिन्हीचे किमी एकत्र करून एकूण लिटरने भागा, तीन मायलेजची सरासरी काढू नका, ती बहुधा जास्त दाखवते. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा थोडा चढाच असतो. तुमच्या पेट्रोल गाडीला खराडीच्या रस्त्यावर कंपनीच्या आकड्याच्या किती टक्के मिळतं ते कळलं की माइल्ड ऑटोमॅटिकचा अंदाज त्यावरून बांधता येतो, माझा ११.५ म्हणजे साधारण ५६ टक्के आहे. हायब्रिडला ती टक्केवारी लावू नका, ती वेगळी घसरते हे वर आलंच.

हायब्रिडसाठी शोरूमची ५ किमीची टेस्ट ड्राइव्ह काही कामाची नाही. बॅटरी भरलेली असेल तर गाडी बराच वेळ मोटरवर पळते आणि स्क्रीनवर ३०-३५ दिसतं, सेल्समन खूश, तुम्ही खूश, पण ती वीज आधी कुणीतरी पेट्रोल जाळूनच भरलेली असते. सेल्फ ड्राइव्हने दोन दिवस भाड्याने घ्या आणि ऑफिसच्याच वेळेत वाकड-खराडी-वाकड करा, एसी नेहमी ठेवता तेवढाच. निघताना बॅटरीच्या जेवढ्या कांड्या होत्या साधारण तेवढ्याच शेवटी असल्या पाहिजेत, नाहीतर आकडा खोटा. दोन दिवसांत टाकी रिकामी होणार नाही, त्यामुळे इथे स्क्रीनचाच आकडा घ्यावा लागेल, त्यातून ७-८ टक्के वजा करा. तुम्हाला २० ऐवजी १७ मिळाले तर शहरातली बचत २५९ वरून १९७ लिटरवर येते आणि स्ट्राँग नको हे माझं उत्तर आणखी पक्कं होतं. उलट २३ मिळाले तर ३०४ होतात, मग ३ दिवसांतही ६५ हजारांचा खड्डा निम्म्याच्याही खाली येतो.

आत्ताच्या परिस्थितीत, ३ दिवस ऑफिस, जादा पैसे लोनचे आणि एसआयपी थांबवून, मी माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक घ्या म्हणेन आणि ती ५ हजारांची एसआयपी चालू ठेवा. ट्रॅफिकमधली शांतता, इंजिनचा आवाज नाही, गाडी गुळगुळीत सरकते, यासाठी ८ वर्षांत ६५ हजार द्यायला तुम्ही मनापासून तयार असाल तर त्यात चूक काही नाही, महिन्याला पावणेसातशे रुपये होतात, पण मग ते डाउन पेमेंटमधून द्या, एसआयपीतून नको. आणि ऑफिस ४ किंवा ५ दिवस होणार हे नक्की कळलं तर मला परत लिहा, तेव्हाच्या कोटेशनवर हेच गणित पुन्हा करू.