काचेतून हवेत जाताना t एकापेक्षा जास्त कसा?

प्रश्न: प्रकाश काचेतून हवेत लंब पडला तर t = 1.2 येतो. मग ऊर्जा वाढली का?

नाही, कारण t हे पलीकडे गेलेल्या आणि येणाऱ्या लाटेच्या विद्युतक्षेत्राच्या आयामांचं गुणोत्तर आहे, ऊर्जेचं नाही. सीमेवर विद्युतक्षेत्र E आणि चुंबकीय क्षेत्र H दोन्ही बाजूंना सारखेच असावे लागतात. r हे परावर्तित आणि येणाऱ्या लाटेचं तसंच गुणोत्तर, आणि n₁, n₂ हे अलीकडच्या आणि पलीकडच्या माध्यमाचे अपवर्तनांक धरले, की त्यातून 1 + r = t आणि n₁(1 − r) = n₂t ही समीकरणं मिळतात, आणि ती सोडवली की

r = (n₁ − n₂)/(n₁ + n₂), t = 2n₁/(n₁ + n₂).

n₁ = 1.5, n₂ = 1 घातलं की r = 0.2, t = 1.2. सीमेवर परतणारी लाट येणाऱ्या लाटेतच मिळते, म्हणून पलीकडचं क्षेत्र मोठं दिसतं. पण तीव्रता nE² च्या प्रमाणात असते आणि हवेचा n लहान आहे. त्यामुळे परावर्तित ऊर्जेचा वाटा R = r² = 0.04, तर पलीकडे जाणाऱ्या ऊर्जेचा वाटा T = (n₂/n₁)t² = 1.44/1.5 = 0.96; बेरीज बरोबर 1. बहुतेकांची गफलत इथेच होते: T साठी नुसता t² घेतला तर 1.44 येतो. उलट, हवेतून काचेत r = −0.2 होतो, म्हणजे परावर्तित E ची कला उलटते, पण R तेवढाच राहतो.

हे सगळं दोन्ही माध्यमं अचुंबकीय आणि प्रकाश न शोषणारी असतील तरच.