१८९४ चा कायदा आणि जॅझचा जन्म

प्रश्न: जॅझवरच्या एका पुस्तकात वाचलं की १८९४ च्या कायद्याने न्यू ऑर्लीन्समधल्या क्रिओल लोकांना काळ्यांमध्ये ढकललं आणि दोघांच्या मिसळण्यातून जॅझ जन्मला. दुसरीकडे वाचलं की असा कायदाच नव्हता. मग इतिहासकार खरं-खोटं ठरवतात तरी कसं?

कायद्याबाबत दुसरं पुस्तक बरोबर आहे. पण कायदा नव्हता म्हणून पहिली गोष्ट पूर्णच खोटी, असं मात्र होत नाही.

आधी ती गोष्ट काय आहे ते पाहू. शहराच्या कॅनाल स्ट्रीटच्या खालच्या बाजूला, म्हणजे डाउनटाउनला, फ्रेंच बोलणारे कॅथलिक क्रिओल राहायचे. बरेचसे मिश्र वंशाचे आणि कारागीर: गवंडी, सिगार वळणारे, चांभार. त्यांच्यातले वादक नोटेशन वाचून वाजवायचे. वरच्या बाजूला, अपटाउनला, मळ्यांवरून शहरात आलेली काळी बाप्टिस्ट कुटुंबं. तिथले वादक मुख्यतः कानाने शिकलेले, त्यांचं वादन राकट. कायद्याने क्रिओलांचा वेगळा दर्जा गेला, गोऱ्यांकडची कामं गेली, त्यांना अपटाउनवाल्यांबरोबर वाजवावं लागलं आणि शिस्त व मोकळेपणा यांच्या लग्नातून जॅझ झाला. गोष्ट फार सुबक आहे, म्हणूनच मला ती आधीपासून खटकायची.

अनेक पुस्तकांत त्या कायद्याचा नंबरही असतो: १११. जेराह जॉन्सन या न्यू ऑर्लीन्सच्या इतिहासकाराने २००० साली ही चूक दाखवणारा लेखच छापला. क्रिओलांची वर्गवारी बदलणारा १८९४ चा असा कायदा सापडत नाही. त्या साली लुइझियानाने, म्हणजे न्यू ऑर्लीन्स ज्या राज्यात आहे त्याने, आंतरवंशीय विवाहावर बंदी घातली, ती वेगळी. आणि १११ हा नंबर आहे १८९० च्या कायद्याचा, ज्याने रेल्वेत गोऱ्यांना आणि 'कलर्ड' लोकांना वेगळे डबे दिले. याच कायद्याला आव्हान देण्यासाठी १८९२ मध्ये होमर प्लेसी हा क्रिओल चांभार मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. माझा अंदाज असा की नंबर एका कायद्याचा, साल दुसऱ्याचं, असं कुणाच्या तरी टिपणात एकत्र झालं आणि पुढच्यांनी गॅझेट न उघडता एकमेकांवरून उतरवून घेतलं. दहा पुस्तकांत एकच गोष्ट दिसली तरी ती दहा साक्षी नसतात. सगळ्यांचा उगम एक असेल तर साक्ष एकच.

उलट बाजूचा एक पुरावा मला फार आवडतो. १९१० मध्ये लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रेडअवे खटला आला. गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींनी लग्नाविना एकत्र राहण्याला गुन्हा ठरवणारा १९०८ चा कायदा, आणि प्रश्न असा की एक-अष्टमांश आफ्रिकी रक्ताची व्यक्ती त्या कायद्यातल्या 'निग्रो' या शब्दात बसते का? न्यायालय म्हणालं, नाही. विधिमंडळाला लगेच कायद्याचे शब्द बदलावे लागले. सोळा वर्षांपूर्वीच सगळे क्रिओल एका फटक्यात काळे ठरले असते, तर हा वाद न्यायालयात टिकला असता का?

आता उरल्या माणसांच्या आठवणी. १९४९ मध्ये लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सला पॉल डोमिंगेझ नावाचा क्रिओल व्हायोलिनवादक भेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही डाउनटाउनवाले त्या अपटाउनच्या राकट वाजवण्याला किंमत देत नव्हतो, पण पोट भरेना तेव्हा आम्हालाही तसंच वाजवावं लागलं. मुलाखत घटनेनंतर चार दशकांनी झालेली, आणि वर्ग-वर्णाच्या संघर्षातून संगीत येतं हे लोमॅक्सच्या मनात पक्कं होतं. म्हणजे सावध राहायला कारण आहे. तरी मी ही साक्ष वजनदार मानतो, कारण तिच्यात बोलणाऱ्याचा मान वाढत नाही, उलट कमीच होतो. शिवाय तो कुठल्याही कायद्याचं नाव घेत नाही. तो कामाबद्दल बोलतो.

याच्या उलट बंक जॉन्सन. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जॅझवेड्या संग्राहकांना हा ट्रंपेटवाला न्यू आयबेरिया गावात सापडला. आपण १८७९ मध्ये जन्मलो आणि १८९५ मध्ये बडी बोल्डनच्या बँडमध्ये वाजवलं, असं तो सांगायचा. बोल्डन म्हणजे अपटाउनचा दंतकथा झालेला कॉर्नेटवादक, ज्याचं एकही रेकॉर्डिंग उरलेलं नाही. संग्राहकांना प्रत्यक्षदर्शी हवाच होता. त्यांनी बंकसाठी ट्रंपेट मिळवलं, दात पडले होते म्हणून कवळीही करून दिली. कवळी केली प्रसिद्ध जॅझवादक सिडनी बेशेच्या दंतवैद्य भावाने! पुढे जॅझचे अभ्यासक लॉरेन्स गुशी यांनी जनगणनेची कागदपत्रं चाळली तेव्हा जन्मसाल १८८९ च्या आसपास निघालं. म्हणजे १८९५ मध्ये बंकभाऊ सहा वर्षांचे.

बोल्डनबद्दलच्या बऱ्याच गोष्टी अशा साक्षीवर उभ्या होत्या: त्याचं न्हाव्याचं दुकान होतं, तो कुचाळक्यांचं पत्रक काढायचा, वगैरे. बोल्डनचे चरित्रकार डोनाल्ड मार्क्विस यांनी सिटी डिरेक्टरी, म्हणजे रहिवाशांची नावं, पत्ते, धंदे यांची छापील यादी, पोलिसांच्या नोंदी आणि इस्पितळाची कागदपत्रं शोधली. दुकान नाही, पत्रक नाही. डिरेक्टरीत बोल्डन आधी प्लास्टर करणारा आहे. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात नेलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. पण कागदालाही मर्यादा असतात. डिरेक्टरी धंदा सांगते, त्याचा कॉर्नेट कसा वाजायचा ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा म्हाताऱ्या वादकांकडेच जावं लागतं, आणि ट्युलेन विद्यापीठाने १९५८ पासून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या त्या म्हणूनच मोलाच्या.

कायद्याच्या गोष्टीला आणखी एक अडचण आहे: जॉन रोबिशो. नोटेशन वाचणारा, टापटिपीचा ऑर्केस्ट्रा चालवणारा क्रिओल बँडमास्टर. लिंकन पार्कमध्ये त्याचा ऑर्केस्ट्रा आणि शेजारच्या जॉन्सन पार्कमध्ये बोल्डनचा बँड, अशी चढाओढ चालायची. गोऱ्यांकडची कामं बंद पडून असे ऑर्केस्ट्रा संपले, असं गृहीत धरलं तर रोबिशो १९२० च्या दशकापर्यंत टिकला कसा? त्याच्या छापील स्वरलिप्यांचा मोठा साठा ट्युलेनमध्ये आहे आणि त्यात रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीचं ठेकेदार संगीत, भरपूर आहे. म्हणजे डाउनटाउनवाले नवं संगीत कागदावरूनही उचलत होते, फक्त भुकेपोटी अपटाउनला गेले असं नाही. एकाच गावात डोमिंगेझचंही खरं असू शकतं आणि रोबिशोचंही. व्हायोलिनवाल्याचं काम गेलं आणि बँडमास्टरचं राहिलं, यात विरोध काही नाही.

म्हणून आजचा खरा वाद कायद्याचा नाहीच. संगीताचे अभ्यासक थॉमस ब्रदर्स अपटाउनच्या चर्चमधलं गाणं आणि मळ्यांवरून आलेल्यांच्या सवयी यांना मध्यभागी ठेवतात. जॅझचे इतिहासकार ब्रूस रेबर्न म्हणतात की वस्त्या इतक्या सरमिसळ होत्या, सिसिलियन आणि ज्यू शेजारी धरून, की अपटाउन-डाउनटाउन ही रेषाच ठळक ओढायला नको. मी स्वतः ब्रदर्सकडे झुकतो, कारण क्रिओल वादकांच्या आठवणीत बोल्डनचं वाजवणं वेगळं आणि बाहेरचं म्हणून येतं. पण रेबर्न वस्तीची नोंद समोर ठेवतात तेव्हा ती उडवून लावता येत नाही. कोण कुठल्या घरात राहत होतं ते जनगणना दाखवते, संध्याकाळी कोण कोणाकडून काय शिकलं ते दाखवत नाही, आणि दोघांचं भांडण नेमकं त्या मधल्या जागेवर आहे.