‘स्पष्ट करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ यांत गुण कुठे जातात?

प्रश्न: उत्तर येत असतं, पानभर लिहितो, तरी गुण कापले जातात. मार्किंग स्कीम वाचून नक्की काय शोधायचं?

उत्तर: आधी गुण कशाला दिलेत ते शोधा. समजा, ‘वाऱ्यात ओले कपडे लवकर का वाळतात ते स्पष्ट करा’ हा ३ गुणांचा प्रश्न आहे. स्कीममध्ये साधारण असं असतं: वारा कपड्याजवळची दमट हवा वाहून नेतो, १ गुण, तिथली आर्द्रता कमी राहते, १ गुण, म्हणून बाष्पीभवनाचा वेग वाढतो, १ गुण. आता बहुतेक मुलं काय लिहितात? ‘वाऱ्यामुळे बाष्पीभवन जलद होतं, पाणी लवकर उडून जातं, म्हणून कपडे लवकर वाळतात.’ वाक्यं मोठी, पण मुद्दा एकच, म्हणून गुणही एकच. मधली कारणाची कडीच गायब आहे. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की प्रत्येक वाक्याला ‘ते कशामुळे?’ विचारून बघा.

‘चर्चा करा’मध्ये दोन्ही बाजू हव्यात. खरी गफलत ‘मूल्यमापन करा’मध्ये होते. तिथे बहुधा मुद्दे मोजत नाहीत, उत्तराची पातळी ठरवतात. फायदे-तोटे लिहून थांबलात तर वरच्या पातळीला पोचणं अवघड. कोणता मुद्दा जास्त वजनाचा, का, आणि कोणत्या परिस्थितीत, हा निर्णय लिहावाच लागतो. शेवटी नुसतं ‘म्हणून हे चांगलं आहे’ लिहिणं म्हणजे निर्णय नव्हे.

स्कीममध्ये तिरकी रेघ दिसली तर तो सहसा पर्याय असतो. दोन्ही लिहून दोन गुण मिळत नाहीत.