‘पोर्टचं जरा बघाल का?’

प्रश्न: दुसऱ्या टीमकडे चॅटवर मदत मागितली की ‘बघतो’ म्हणतात आणि काम काही होत नाही. मागणी नेमकी कशी लिहावी?

‘बघतो’ म्हणणाऱ्यावर रागावण्याआधी आपण काय लिहिले होते ते पुन्हा वाचावे, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. आमची सेवा गुरुवारी रात्री ११ वाजता नव्या सर्व्हरवर हलवायची होती. सोमवारी मी नेटवर्क टीममधल्या एकाला लिहिले, ‘दादा, नव्या सर्व्हरवरून डेटाबेस लागत नाहीये, पोर्टचं जरा बघाल का?’ उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह आले आणि मी निर्धास्त झाले. मराठीत अंगठा दाखवणे कशाला म्हणतात, ते गुरुवारी रात्री पडद्यावर `Connection timed out` दिसले तेव्हा आठवले. फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, कुठला सर्व्हर, कुठलं पोर्ट? आणि फायरवॉलचा बदल बुधवारच्या बैठकीत मंजूर करून घ्यावा लागतो.’ म्हणजे माझी खरी मुदत मंगळवार संध्याकाळ होती आणि मी तर गुरुवारचाही उल्लेख केला नव्हता.

पुढच्या आठवड्यासाठी मी रीतसर तिकीट टाकले, ते असे:

‘10.20.4.11 वरून 10.20.8.5 कडे TCP 5432 उघडून हवे आहे. बुधवारच्या बैठकीत मंजुरी घेऊन गुरुवारी दुपारी ४ पर्यंत नियम लागू व्हावा. तो न झाल्यास रात्री ११ चे स्थलांतर आठवडाभर पुढे जाईल. जुना सर्व्हर तोवर चालेल, ग्राहकांचे काही अडणार नाही.’

दुपारी ४ ही वेळ मुद्दाम दिली होती, कारण `nc -vz 10.20.8.5 5432` चालवून पाहायला आणि चूक निघालीच तर ती दुरुस्त करून घ्यायला संध्याकाळ हाताशी राहते. नियम पावणेचारला लागू झाला आणि त्या रात्री स्थलांतर पार पडले.

तिकिटातले शेवटचे वाक्य आमच्या तेव्हाच्या टीम लीडना मुळीच पटले नव्हते. ‘काही अडत नाही असं आपणच सांगितलं तर कोण हात लावणार?’ हा त्यांचा एक आक्षेप, आणि आपल्याच माणसांना अर्ज कसला करायचा, हा दुसरा. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. प्रत्येक मागणीवर ‘तातडीचे’ लिहिणाऱ्या टीमचे खरोखरच तातडीचे काम कोणी ओळखत नाही, आणि समोरच्याने सर्व्हरचा पत्ता आपल्याकडून चार वेळा विचारून घ्यावा, ही तर त्याच्या वेळेची उधळपट्टी आहे. तेच लीड पुढे आमच्या टीमकडे येणारे ‘जरा बघा’ छापाचे निरोप ‘नेमके काय हवे, कधीपर्यंत हवे आणि न झाल्यास काय अडेल?’ या तीन प्रश्नांसह परत पाठवू लागले, हे इथे नोंदवायलाच हवे.

अर्थात, चालू सेवा बंद पडली असेल तर तिकिटाची वाक्ये जुळवत बसू नये. आधी फोन करावा आणि लिहिणे मागाहून करावे. शिवाय बिघाड नेमका कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर पोर्ट उघडून मागण्याऐवजी ‘उद्या दुपारी अर्धा तास सोबत बसून तपासायचे आहे’ अशी मागणी करावी, कारण मी चुकीचे पोर्टही एकदा अगदी रीतसर, मुदतीसकट मागितले होते आणि ते वेळेत उघडूनही मिळाले होते.